मागणीचा अंदाज, सुरक्षा साठा आणि रीऑर्डर पॉइंट

ईआरपी प्रणालीत एखाद्या वस्तूची नवी ऑर्डर केव्हा टाकायची हे रीऑर्डर पॉइंट ठरवतो. हातातला साठा आणि वाटेवर असलेला माल यांची बेरीज या आकड्याला टेकली किंवा त्याखाली गेली, की खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. या आकड्याचे दोन भाग असतात. माल येईपर्यंतच्या काळात, म्हणजे लीड टाइममध्ये, किती खप होईल याचा अंदाज हा पहिला भाग. तो अंदाज चुकला तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला सुरक्षा साठा हा दुसरा. पहिला भाग अंदाजातून येतो आणि दुसरा त्याच अंदाजाच्या चुकांतून. त्यामुळे अंदाज बिघडला की दोन्ही भागांना धक्का बसतो, मात्र प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने.

```
SS  = z × σ × √L
ROP = d × L + SS
```

येथे `SS` हा सुरक्षा साठा, `ROP` हा रीऑर्डर पॉइंट, `d` हा दर आठवड्याच्या मागणीचा अंदाज, `L` हा आठवड्यांतला लीड टाइम आणि `σ` हे एका आठवड्याच्या चुकीचे प्रमाण विचलन. `z` सेवा पातळीनुसार बदलतो: ९५ टक्क्यांसाठी १.६४५, ९९ टक्क्यांसाठी २.३३. ही सेवा पातळी म्हणजे एका ऑर्डरच्या चक्रात माल न संपण्याची शक्यता. शंभर नग मागितले तर पंचाण्णव मिळतील, असा तिचा अर्थ नाही. सेवा पातळी ठरवणाऱ्या बैठकांत हा घोळ वारंवार होतो.

`σ` कशाचा घ्यायचा, यावर सारे अवलंबून आहे. पुष्कळ ठिकाणी मागणीच्याच चढउताराचे विचलन घेतले जाते. मागणी हंगामी असेल आणि अंदाजाने तो हंगाम बरोबर पकडला असेल, तर तो चढउतार पहिल्या भागात आधीच मोजून झालेला असतो. त्यासाठी पुन्हा सुरक्षा साठा ठेवणे म्हणजे एकाच गोष्टीची दुप्पट तरतूद. म्हणून विचलन अंदाजातील चुकीचे घ्यावे: प्रत्यक्ष मागणी वजा अंदाज. अनेक प्रणाली त्याऐवजी एमएडी, म्हणजे चुकांची चिन्हे सोडून काढलेली सरासरी, साठवतात. चुका प्रसामान्य वितरणाच्या जवळ असतील तर एमएडीला १.२५ ने गुणले की विचलनाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आता एका वस्तूचे उदाहरण घेऊ. आठवड्याचा अंदाज १०० नग, लीड टाइम ४ आठवडे, सेवा पातळी ९५ टक्के. मागच्या आठ आठवड्यांतल्या चुका अशा: +२०, −३०, +१०, −२०, +४०, −१०, +१०, −२०. त्यांची बेरीज शून्य येते, म्हणजे अंदाज कधी वर तर कधी खाली चुकला, पण एका बाजूला झुकला नाही. एमएडी २०, विचलन २५. सुरक्षा साठा १.६४५ × २५ × २, म्हणजे ८२ नग. लीड टाइममधला अंदाजित खप ४००. रीऑर्डर पॉइंट ४८२.

समजा, मागणी हळूहळू वाढून सरासरी ११५ झाली, चढउतार तसाच राहिला, पण अंदाज १०० वरच थांबला. प्रत्येक चुकीत १५ ची भर पडते: +३५, −१५, +२५, −५, +५५, +५, +२५, −५. यांचा एमएडी २१.२५ येतो, आधीपेक्षा जेमतेम सव्वा नगाने जास्त. सुरक्षा साठा ८७ आणि रीऑर्डर पॉइंट ४८७ होतो. पडद्यावर पाहणाऱ्याला काही बदलल्याचे जाणवणारही नाही. प्रत्यक्षात मात्र चार आठवड्यांत ४६० नग लागणार आहेत, म्हणजे खरा आधार ८७ चा नसून २७ चा उरला. चार आठवड्यांचे विचलन ५० धरले तर माल न संपण्याची शक्यता ९५ वरून सुमारे ७० टक्क्यांवर येते. एकतर्फी चूक एमएडीत जवळजवळ दिसत नाही, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित तथ्य आहे.

ती दिसते चुकांच्या बेरजेत. सगळ्या चुका चिन्हांसह मिळवायच्या आणि एमएडीने भागायचे. या आकड्याला ट्रॅकिंग सिग्नल म्हणतात. पहिल्या मालिकेत तो शून्य होता, दुसऱ्या मालिकेत १२० भागिले २१.२५, म्हणजे ५.६. साधारणपणे अधिक-उणे ४ च्या बाहेर गेला की अंदाजाचे मॉडेल तपासावे असा संकेत आहे. अशा वेळी सुरक्षा साठा वाढवण्याचा मोह होतो, कारण तो एका खान्यात आकडा बदलून होतो. पण दुरुस्ती पहिल्या भागात हवी: अंदाज ११५ केला की रीऑर्डर पॉइंट ४६० अधिक ८२, म्हणजे ५४२ होतो आणि ९५ टक्के परत मिळतात.

चूक उलट बाजूची असेल, मागणी ८५ आणि अंदाज १०० असेल, तर त्याच गणिताने रीऑर्डर पॉइंट ४९२ येतो आणि लागतात फक्त ३४० नग. ८२ नगांचा आधार हवा असताना १५२ नगांचा मिळतो. हा जादा माल सुरक्षा साठ्याच्या रकान्यात कुठेच दिसत नाही, आणि माल कधी संपत नसल्याने तक्रारही येत नाही. म्हणून ही चूक अधिक काळ टिकते.

लीड टाइम लांबला की दोन्ही प्रकारच्या चुकांतले अंतर वाढत जाते. यादृच्छिक चुका एकमेकींना काही प्रमाणात खोडतात, म्हणून त्यांच्यासाठीचा साठा लीड टाइमच्या वर्गमुळाने वाढतो. एकतर्फी चूक दर आठवड्याला तेवढीच साचत जाते. वरच्या वाढलेल्या मागणीच्या उदाहरणात लीड टाइम ९ आठवडे केला, तर सूत्र १३१ नगांचा सुरक्षा साठा देते आणि साचलेली तूट १३५ होते. सगळा सुरक्षा साठा अंदाजाची तूट भरण्यातच संपतो. दूरवरून येणाऱ्या मालाच्या बाबतीत मॉडेल सुधारण्याआधी त्याचा झुकाव तपासावा, तो याचसाठी.

चूक कोणत्या अंदाजाशी तुलना करून मोजली, हाही प्रश्न आहे. बहुतेक अहवाल ताज्या अंदाजाशी, म्हणजे आदल्या आठवड्यात केलेल्या आकड्याशी, विक्री ताडून पाहतात. पण लीड टाइम ४ आठवड्यांचा असेल तर आज विकल्या जाणाऱ्या मालाचा निर्णय चार आठवड्यांपूर्वीच्या अंदाजावर झालेला असतो. त्या वेळी गोठवून ठेवलेला अंदाज उपलब्ध नसेल, तर अहवालातली चूक लहान दिसते आणि सुरक्षा साठाही तेवढाच अपुरा पडतो. शक्य असेल तर संपूर्ण लीड टाइमची एकत्रित मागणी आणि तिचा त्या वेळचा अंदाज यांतला फरक थेट मोजावा. असे केले की वर्गमूळ वापरण्याची गरज उरत नाही आणि लागोपाठच्या आठवड्यांच्या चुका परस्परांवर अवलंबून असण्याची अडचणही सुटते. नियोजनाचा रन रोज न होता आठवड्यातून एकदा होत असेल, तर तो आठवडाही लीड टाइममध्ये धरावा लागतो.

हे आकडे कोण बदलतो, यावरून प्रणालीचे वागणे ठरते. सॅप या ईआरपी प्रणालीत एमआरपी प्रकार, म्हणजे वस्तूच्या नियोजनाची पद्धत, `VB` ठेवला तर रीऑर्डर पॉइंट माणूस भरतो. `VM` ठेवला तर प्रणाली अंदाजाच्या प्रत्येक फेरीनंतर तो आणि सुरक्षा साठा स्वतः काढते. हाताने भरलेला आकडा जुना होतो, कारण तो पुन्हा पाहण्याची आठवण कोणालाच नसते. आपोआप निघणाऱ्या आकड्याचा धोका वेगळा आहे. समजा, ०.२ स्थिरांकाचे घातीय समतलन वापरले आहे, म्हणजे अंदाज आणि एमएडी काढताना नव्या आकड्याला २० टक्के आणि जुन्याला ८० टक्के वजन दिले जाते, आणि १०० नगांच्या वस्तूची एका आठवड्यात, एकदाच येणाऱ्या मोठ्या ऑर्डरमुळे, ३०० नगांची विक्री झाली. अंदाज १४० वर जातो. चूक २०० ची असल्याने एमएडी २० वरून ५६ होतो. लीड टाइमचा खप ५६०, सुरक्षा साठा २३०, रीऑर्डर पॉइंट ४८२ वरून थेट ७९०. एकाच ऑर्डरने दोन्ही भाग फुगवले, आणि तीनशेहून अधिक नगांची जादा खरेदी अशा मागणीसाठी निघाली जी परत येणारच नाही. त्यापुढच्या आठवड्यांत अंदाज हळूहळू उतरतो, तोवर माल येऊन पडलेला असतो. म्हणून अशी विक्री इतिहासातून वगळणे किंवा तिला मर्यादा घालणे, हे काम अंदाजाच्या फेरीआधी करावे लागते. नंतर रीऑर्डर पॉइंट खाली ओढून ते भागत नाही.

याच्या उलट दिशेची बिघाडसाखळी अधिक घातक आहे. माल संपलेल्या आठवड्यात ईआरपी शून्य विक्री नोंदवते, शून्य मागणी नव्हे. इतिहास म्हणून पाठवण्याच्या तारखांची विक्री घेतली असेल, तर अंदाज खाली येतो, रीऑर्डर पॉइंट खाली येतो, ऑर्डर उशिरा निघते आणि माल पुन्हा संपतो. काही महिन्यांनी वस्तूची मागणीच घटली आहे असे वाटू लागते. अशा वस्तूच्या इतिहासात साठा शून्य असलेले आठवडे वेगळे काढून पाहिले की खरा खप कळतो. ग्राहकाने माल मागितला ती तारीख आणि ते प्रमाण नोंदवण्याची सोय असेल, तर अंदाज त्यावरच चालवावा.

पुरवठादार वेळेत माल देत नसेल तर या साऱ्या कसरतीचा लाभ मर्यादित राहतो. मूळ उदाहरणात लीड टाइमला एका आठवड्याचे विचलन जोडले, तर एकत्रित विचलन ५० वरून सुमारे ११२ होते आणि सुरक्षा साठा ८२ वरून १८४. आता अंदाजातील चूक निम्मी केली तरी साठा फक्त १७० पर्यंत उतरतो. तिथे बोलणी पुरवठादाराशी करायची असतात.

सूत्राची आणखी एक मर्यादा सुट्या भागांसारख्या, क्वचित लागणाऱ्या वस्तूंत उघडी पडते. महिनोन्महिने शून्य आणि मग एकदम काही नग, अशा मागणीच्या चुका प्रसामान्य वितरणाच्या जवळपासही नसतात, आणि १.२५ चा गुणक तिथे चुकीचे उत्तर देतो. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मागणीचे प्रमाण आणि दोन मागण्यांमधले अंतर यांचे अंदाज वेगवेगळे ठेवले जातात. त्यामुळे सरासरी सुधारते, पण सुरक्षा साठ्यासाठी मागणीचे प्रत्यक्ष वितरणच पाहावे लागते.