घरकामाने कॅलरी जळत नाहीत?

‘घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे, त्याने काही कॅलरी जळत नाहीत. सकाळी अर्धा तास चाललं की दिवसाचं काम झालं.’

आकडेमोड करून पाहू. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण 1.3 कॅलरी वापरतं. झपझप चालताना हा आकडा 4.3 च्या आसपास जातो, केर-फरशी करताना 3.3, ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करताना 2. वजन 60 किलो धरा. अर्धा तास चालण्याने, बसून राहण्यापेक्षा, सुमारे 90 कॅलरी जास्त लागतात. एक तास केर-फरशीने 120 आणि दोन तास स्वयंपाकाने 84, म्हणजे एकूण 204. चालण्याच्या दुपटीहून जास्त! कारण साधं आहे: काम हलकं असलं तरी ते तासन्‌तास चालतं.

नुसतं उभं राहणं मात्र यात फारसं मोजू नका. न हलता उभं राहिलं तर बसण्यापेक्षा तासाला जेमतेम 10 कॅलरी जास्त लागतात. खर्च वाढतो तो हालचालीने.

पडताळायचं असेल तर मोबाइल दिवसभर खिशात ठेवून पावलं मोजा, एक दिवस कामाचा आणि एक सुट्टीचा. मोबाइल ओट्यावर राहिला की स्वयंपाकघरातली पावलं मोजलीच जात नाहीत. कणीक मळण्यासारखी कामं पावलांत येत नाहीत, ती किती वेळ केली ते घड्याळात पाहूनच धरावी लागतात.

दम वाढवायला आणि स्नायू बळकट करायला व्यायाम लागतोच. तो हिशेब वेगळा.