ओपन इंटरेस्ट आणि व्हॉल्यूम

फ्युचर्स व ऑप्शन्सच्या बाजारात रोज जाहीर होणारे दोन आकडे. दिवसभरात जितक्या करारांचे सौदे झाले तो व्हॉल्यूम, आणि दिवस संपल्यावर जितके करार पूर्ण न होता शिल्लक राहिले तो ओपन इंटरेस्ट. मराठीत ओपन इंटरेस्टला ‘खुले सौदे’ असा प्रतिशब्द आढळतो. बाजारात मात्र ‘ओआय’ हेच नाव चालते. व्हॉल्यूमची मोजणी रोज शून्यापासून सुरू होते, ओआय आदल्या दिवशीच्या शिलकेवरून पुढे चालतो.

कंपनीचे शेअर ठरावीक असतात आणि हात बदलत फिरतात. फ्युचर्सच्या करारांचे तसे नाही. नवा घेणारा आणि नवा विकणारा भेटले की करार जन्माला येतो, आणि दोन्ही टोकांचे लोक बाहेर पडले की तो नाहीसा होतो. ओआय या जोड्या मोजतो, म्हणून तो एकाच बाजूने मोजतात: सगळ्या लाँगची, म्हणजे घेणाऱ्यांची, बेरीज किंवा सगळ्या शॉर्टची, म्हणजे विकणाऱ्यांची, बेरीज. दोन्ही नेहमी सारख्याच असतात.

उगम. व्हॉल्यूम मोजायला सौद्यांची नोंद पुरते. ओआय मोजायला मात्र कोणता सौदा नवा आणि कोणता जुन्याची फेड करणारा, हे कळावे लागते, आणि ते सांगणारी मध्यवर्ती वही नसेल तर मोजणीच होत नाही. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवर (स्थापना १८४८) दीर्घकाळ ‘रिंग’ पद्धतीने हिशेब मिटत. अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने पुन्हा अ ला विकले असेल, तर तिघे एकत्र येऊन फरकाची रक्कम चुकती करीत. साखळीत अडकलेले आणि साखळीबाहेर उरलेले सौदे एका ठिकाणी दिसतच नसत.

प्रत्येक सौद्यात स्वतः दुसरा पक्ष होऊन उभे राहणारे क्लिअरिंग हाऊस प्रथम कुठे आले, यावर एकमत नाही. अमेरिकी लेखनात हा मान बहुधा मिनीआपोलिसच्या १८९१ मधील व्यवस्थेला दिला जातो. युरोपीय अभ्यासक फ्रान्समधील ल हाव्र येथे कॉफीच्या व्यापारासाठी १८८२ मध्ये निघालेल्या संस्थेकडे बोट दाखवतात. ‘संपूर्ण क्लिअरिंग’ या शब्दाला किती ताणायचे यावर हा वाद अवलंबून आहे. केवळ काळाचा क्रम पाहिला तर ल हाव्रची बाजू जड वाटते. शिकागोत स्वतंत्र क्लिअरिंग कॉर्पोरेशन १९२५ मध्ये स्थापन झाले. त्याआधीच, १९२२ च्या ग्रेन फ्युचर्स कायद्यानंतर, अमेरिकी कृषी खात्याने सौद्यांची माहिती गोळा करायला सुरुवात केली होती. हेजिंग, म्हणजे भावाच्या जोखमीपासून बचाव, व सट्टा यांचा पहिला सर्वंकष वार्षिक अहवाल १९२४ चा आहे. खुले सौदे कोणत्या गटाच्या हातात आहेत हे सांगणारा आजचा ‘कमिटमेंट्स ऑफ ट्रेडर्स’ हा साप्ताहिक अहवाल त्याचाच वंशज होय.

मोजणी. पहिल्या दिवशी अ ने ब कडून १० करार घेतले, दोघेही नवे. व्हॉल्यूम १०, ओआय १०. दुसऱ्या दिवशी क ने ड कडून ५ घेतले, हेही दोघे नवे: व्हॉल्यूम ५, ओआय १५. तिसऱ्या दिवशी अ ला बाहेर पडायचे होते. त्याने आपले १० क ला विकले. व्हॉल्यूम पुन्हा १०, पण ओआय १५ वरच राहिला, कारण एक माणूस गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. चौथ्या दिवशी क ने १० विकले आणि ब ने ते घेऊन आपला शॉर्ट मिटवला. व्हॉल्यूम तोच १०, ओआय मात्र ५ वर उतरला.

तीन दिवस व्हॉल्यूम १० च होता. ओआय एकदा वाढला, एकदा स्थिर राहिला, एकदा घटला. यातून एक साधी मर्यादा निघते: केवळ सौद्यांमुळे ओआयमध्ये होणारा बदल त्या दिवशीच्या व्हॉल्यूमपेक्षा मोठा असू शकत नाही. तो मोठा दिसला, तर ऑप्शनमधला हक्क वापरला जाऊन ते एक्झरसाइज झाले, करार मुदत संपून किंवा डिलिव्हरीने मिटले, किंवा आकडा दुरुस्त झाला असे समजावे. शेवटची शक्यता वाटते तितकी दुर्मीळ नाही. कोणता सौदा फेडीचा होता हे सदस्यांकडून उशिरा कळले, तर संध्याकाळचा प्राथमिक ओआय आणि दुसऱ्या दिवशीचा अंतिम ओआय वेगळे निघतात.

अर्थ लावणे. भाव आणि ओआय दोन्ही वाढले तर ‘लाँग बिल्डअप’, भाव वाढून ओआय घटला तर ‘शॉर्ट कव्हरिंग’ असा चार खणांचा तक्ता सर्वत्र सांगितला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग अधिक भक्कम आहे. ओआय घटला म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक बाहेर पडले, आणि तेव्हा भाव वर गेला असेल तर घाई शॉर्टवाल्यांना होती असे मानणे वाजवी ठरते. वाढत्या ओआयला ‘तेजीवाल्यांचा पैसा आला’ म्हणणे मात्र सैल आहे, कारण तितकेच नवे शॉर्टही आलेले असतात. त्यांत आपला साठा हेज करणारा व्यापारी असेल, तर त्याचे भावाविषयी काही मत असेलच असे नाही.

एक्स्पायरीजवळ, म्हणजे कराराची मुदत संपत आली असताना, एकाच महिन्याचा ओआय पाहणे फसवे ठरते. चालू महिन्यात ४०,००० करार घटले आणि पुढच्या महिन्यात ३८,००० वाढले, तर बाजारातून खरोखर गेले फक्त २,००० करार, बाकीचे रोलओव्हर, म्हणजे पुढच्या महिन्यात नेलेले सौदे.

ही शिल्लक वेळेत मिटली नाही तर काय होते, ते न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात २० एप्रिल २०२० रोजी दिसले. वेस्ट टेक्सास कच्च्या तेलाच्या मे कराराचा शेवटचा दिवस २१ एप्रिल होता. २० एप्रिलच्या आदल्या व्यवहारदिवसाअखेर एक लाखाहून अधिक करार खुले होते. प्रत्येक करार १,००० पिंपांचा, म्हणजे कागदावर दहा कोटींहून अधिक पिंपे. डिलिव्हरीचे ठिकाण असलेल्या कुशिंगची वापरात येणारी साठवणक्षमता सुमारे ७.६ कोटी पिंपांची, आणि तीही बरीचशी भरलेली किंवा आधीच राखून ठेवलेली. एरवीही बहुतेक लाँगवाले तेल न उचलताच बाहेर पडतात. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडून करार घ्यायला कोणी पुढे येईना. भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि ओआय सुमारे १३ हजारांवर आला. व्हॉल्यूमवरून त्या दिवशी बाजार गजबजलेला दिसला असता. गर्दी दाराकडे निघाली होती, हे ओआयने सांगितले.

ऑप्शन्स. येथे प्रत्येक स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव, प्रत्येक एक्स्पायरी, घेण्याचा हक्क देणारा कॉल व विकण्याचा हक्क देणारा पुट यांचा ओआय वेगळा असतो. त्यांची सरळ बेरीज केली की विषम गोष्टी एकत्र येतात: मूळ भाव एकाने हलला तर ऑप्शनचा भाव किती हलतो तो डेल्टा, आणि ०.०५ डेल्टाचे १,००० कॉल भावाच्या लहान हालचालीला जेमतेम ५० फ्युचर्सइतका प्रतिसाद देतात. या कारणाने डेल्टाने भारित मोजणीचा आग्रह धरला जातो. भारतात सेबीने २०२५ मध्ये ती स्वीकारली. तिची अडचण अशी की भाव हलला की डेल्टा हलतो, त्यामुळे एकही सौदा न होता ओआय बदलतो. मोठ्या पुट ओआयला ‘आधार’ म्हणण्याची प्रथाही जपूनच घ्यावी. ते पुट कोणी विमा म्हणून घेतले की कोणी प्रीमियमसाठी विकायला पुढाकार घेतला, हे या आकड्यात कुठेच लिहिलेले नसते.