आवाज येतो, चित्र येत नाही: ब्राउझर आणि एचईव्हीसीची जुनी अडचण

आयफोनवर काढलेला व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि फाइल ओढून ब्राउझरच्या खिडकीत टाकली, तर कधीकधी आवाज नीट ऐकू येतो, वेळेची पट्टीही सरकते, पण पडदा काळाच राहतो. तीच फाइल व्हीएलसीमध्ये विनातक्रार चालते. फाइल बिघडलेली नसते. अशा व्हिडिओ फाइलमध्ये चित्र आणि आवाज हे दोन वेगळे ट्रॅक असतात. आवाज बहुधा एएसीमध्ये असतो आणि तो उलगडणं सगळ्याच ब्राउझरांना जमतं. चित्र एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत असलं आणि ब्राउझरकडे ते उलगडणारा डिकोडर नसला, तर ब्राउझर तो ट्रॅक गुपचूप सोडून देतो आणि उरलेलं वाजवतो. त्यामुळे पडद्यावर त्रुटीचा संदेशही येत नाही.

एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हे मानक २०१३ सालचं आहे. मग बारा-तेरा वर्षांनंतरही ब्राउझरकडे त्याचा डिकोडर का नसावा? डिकोडर लिहिणं अवघड होतं म्हणून नव्हे. मुक्त स्रोतातला चांगला डिकोडर मानक आलं त्याच वर्षी तयार झाला होता. अडचण पेटंटची होती.

आधीच्या एच.२६४ वरही पेटंटं होतीच, पण त्याचा तोडगा निघाला. बहुतेक पेटंटधारक एकाच गटात होते आणि इंटरनेटवर फुकट दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओंवर कधीच शुल्क घेणार नाही, असं त्या गटाने २०१० मध्ये जाहीर केलं. तरी २०११ च्या सुरुवातीला क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणा झाली होती; ती प्रत्यक्षात कधी आली नाही. २०१३ मध्ये नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीने परवान्याचे पैसे स्वतः भरून एच.२६४ चं तयार मॉड्यूल सगळ्यांना मोफत देऊ केलं आणि फायरफॉक्सने ते घेतलं.

एचईव्हीसीच्या वेळी असा एक दरवाजा राहिलाच नाही. २०१४ मध्ये पहिल्या गटाने दर ठरवला: वर्षाला पहिली एक लाख यंत्रं मोफत, पुढे यंत्रामागे २० सेंट, आणि वार्षिक कमाल अडीच कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी दुसरा गट उभा राहिला. त्याने यंत्रांच्या शुल्काबरोबर व्हिडिओ दाखवणाऱ्यांच्या उत्पन्नातलाही अर्धा टक्का मागितला, आणि सुरुवातीला त्याला कमाल मर्यादाच नव्हती. ओरड झाल्यावर काही महिन्यांत दर सुधारले, मर्यादा आल्या, पण तोवर विश्वास उडाला होता. २०१७ मध्ये तिसरा गट आला, आणि काही पेटंटधारक कुठल्याच गटात गेले नाहीत. एकूण किती द्यावं लागेल हे कुणालाच सांगता येईना.

फुकट वाटलं जाणारं आणि अब्जावधी यंत्रांवर उतरवलं जाणारं सॉफ्टवेअर 'यंत्रामागे इतके' या हिशेबात बसत नाही. २०१६ च्या अखेरीस दुसऱ्या गटाने सवलत दिली: यंत्र विकल्यानंतर त्यावर उतरवलेल्या आणि सर्वस्वी सामान्य प्रोसेसरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर डिकोडरला शुल्क नाही. सवलत ऐकायला मोठी होती, पण बाकीचे गट तिने बांधले जात नव्हते. तीन कुलपांपैकी एकाची किल्ली मिळून दार उघडत नाही. ब्राउझरवाल्यांनी डिकोडर सोबत दिला नाही. त्यातले मोठे तोवर रॉयल्टी नसलेल्या एव्ही१ या पर्यायी व्हिडिओ मानकाच्या उभारणीत गुंतले होते, त्यामुळे एचईव्हीसीची अडचण सोडवण्याची त्यांना घाईही नसावी.

घाई वाढवली ती फोनने. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि आयफोन ७ पासून पुढच्या फोनांवर कॅमेरा आपोआप एचईव्हीसीत चित्रण करू लागला. सफारीने ते दाखवायलाही सुरुवात केली, कारण फोन, संगणक आणि ब्राउझर तिन्ही एकाच घरचे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून नव्या विंडोजमध्ये मात्र एचईव्हीसी आपसूक मिळेनासं झालं. अमेरिकेत ९९ सेंट किमतीचं एक्स्टेंशन वेगळं घ्यावं लागू लागलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रोम १०७ ने मधला मार्ग काढला. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ आता इथे आहे. ब्राउझर स्वतःचा डिकोडर देत नाही. ग्राफिक्स चिपमध्ये तो असेल तर तेवढा वापरतो. चिपमध्ये नसला, तर मागे सॉफ्टवेअरचा पर्याय नाही. फायरफॉक्सने २०२५ मध्ये विंडोजवर आधार दिला, पण तो विंडोजच्या त्या एक्स्टेंशनमधून जातो. क्रोम थेट चिपशी बोलतो. म्हणून एकाच लॅपटॉपवर क्रोममध्ये चित्र दिसतं आणि फायरफॉक्समध्ये नाही, असं घडू शकतं.

व्हीएलसीचं गणित निराळं. एका फ्रेंच विद्यार्थी प्रकल्पातून ते आलं आहे, सॉफ्टवेअर पेटंट फ्रान्समध्ये ग्राह्य नाहीत अशी त्या प्रकल्पाची उघड भूमिका आहे आणि डिकोडर त्याच्या पोटातच असतो. चिपने नकार दिला तर ते प्रोसेसरवर काम भागवतं. पंखा जोरात फिरतो, पण चित्र दिसतं.

चिपमध्येही थर आहेत. इंटेलच्या सहाव्या पिढीत ८ बिट एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरमध्ये आलं, १० बिट सातव्या पिढीपासून. आयफोन १२ पासूनचं एचडीआर चित्रण १० बिटचं असतं. क्रोममध्ये chrome://gpu उघडून Video Acceleration Information खाली पाहावं. तिथे hevc main असेल आणि hevc main 10 नसेल, तर साधा व्हिडिओ चालेल आणि एचडीआरचा काळा राहील.

भरीस भर म्हणून, २०२५ मध्ये दोन मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी काही मॉडेलांवर चिपमध्ये असलेला एचईव्हीसी डिकोडर बंद ठेवल्याचं उघड झालं. सिलिकॉन तयार, ग्राहकाने चिपचे पैसेही मोजलेले, आणि वर टाळं. अशा यंत्रावर chrome://gpu मध्ये एचईव्हीसीची ओळच दिसत नाही.

सफारीत चित्र न दिसण्याचं कारण मात्र बहुधा दुसरंच असतं. एमपी४ मध्ये एचईव्हीसीवर hvc1 किंवा hev1 अशी चार अक्षरांची खूण असते. पहिलीत डिकोडरला लागणारी प्राथमिक माहिती फक्त फाइलच्या शीर्षभागात असते. दुसरीत ती प्रवाहाच्या मध्येही येऊ शकते. सफारी आणि क्विकटाइम पहिलीच मानतात, तर व्हिडिओ रूपांतर करणारं एफएफएमपेग हे साधन सांगितल्याशिवाय दुसरी लिहितं. फाइलमध्ये काय आहे ते असं पाहता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,codec_tag_string,profile,pix_fmt in.mp4
```

उत्तरात hev1 आलं आणि फाइल सफारीसाठी हवी असेल, तर पुन्हा एन्कोड न करता खूण बदलता येते. चित्राला धक्का लागत नाही आणि काम काही सेकंदांत होतं:

```
ffmpeg -i in.mp4 -c copy -tag:v hvc1 out.mp4
```

क्रोममध्ये डिकोडरच नसेल तर खूण बदलून काही होत नाही. तिथे एच.२६४ करावं लागतं. वेळ लागतो, तेवढ्याच दर्जासाठी फाइलही साधारणपणे मोठी होते, आणि एचडीआरचे रंग या साध्या आज्ञेने फिके दिसतात, म्हणून मूळ फाइल ठेवावी:

```
ffmpeg -i in.mp4 -c:v libx264 -pix_fmt yuv420p -c:a copy out.mp4
```