कॅल्शियमच्या गोळ्या आणि जठरातले आम्ल

कडप्प्याच्या ओट्यावर कापलेले लिंबू रात्रभर राहिले, की सकाळी तिथे पांढरट डाग दिसतो. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, अर्थात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आम्लात मात्र विरते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी पोटात गेल्यावर हेच घडावे लागते:

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂

यातून सुटे झालेले कॅल्शियमच आतड्यातून रक्तात शिरते. आम्ल कमी पडले तर पूड तशीच पुढे सरकते आणि शौचावाटे निघून जाते. गोळ्यांचा दुसरा प्रकार कॅल्शियम सायट्रेटचा. सायट्रेट हे लिंबू-संत्र्यातल्या सायट्रिक आम्लाचे क्षार. ते पाण्यात कार्बोनेटपेक्षा बरेच जास्त विरघळते, म्हणून जठराम्लावर अवलंबून राहत नाही.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट रेकर यांनी १९८५ मध्ये, जठरात आम्लच तयार न होणाऱ्या रुग्णांना उपाशीपोटी दोन्ही क्षार देऊन पाहिले. कार्बोनेटमधले सुमारे ४ टक्के कॅल्शियम शोषले गेले, सायट्रेटमधले सुमारे ४५ टक्के. कार्बोनेट जेवणासोबत दिल्यावर मात्र याच रुग्णांत शोषण जवळपास निरोगी माणसाइतके झाले. माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच.

नागपुरात महालातल्या एखाद्या घरी सत्तरीच्या आजी सकाळी उठल्या-उठल्या गॅसची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल घेतात आणि विसरू नये म्हणून लगेच कॅल्शियमचीही. पँटोप्राझोल आम्ल दाबते आणि पोट रिकामेच असते. गोळी १२५० मिग्रॅ कार्बोनेटची, म्हणजे त्यात ५०० मिग्रॅ कॅल्शियम असते. पण त्यातले फारच थोडे अंगी लागते. हे बाहेरून कळतही नाही, कारण शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातले प्रमाण टिकवते. रक्ततपासणी ठीक आली म्हणून निश्चिंत होऊ नये. गोळी दुपारच्या वरण-भातासोबत घेणे हा पहिला, बिनखर्चाचा उपाय.

ज्यांना पचनाचा त्रास नाही आणि जेवणासोबत घेणे जमते, त्यांना कार्बोनेट पुरते. ते स्वस्त असते आणि वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असल्याने गोळ्या कमी लागतात. सायट्रेटमध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्केच, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियमसाठी जवळपास दुप्पट भार गिळावा लागतो. तरीही दीर्घकाळ आम्लरोधक घेणारे, जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेले, किंवा कार्बोनेटने पोट फुगून मलावरोध होणारे यांच्यासाठी सायट्रेट बरे. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांतही डॉक्टर बहुधा त्याकडे वळतात, कारण लघवीतले सायट्रेट खडा जमू देत नाही. मूत्रपिंड निकामी होत असल्यास मात्र निवड स्वतः करू नये: ॲल्युमिनियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधासोबत सायट्रेट घेतल्यास ॲल्युमिनियम अधिक शोषले जाते.

कोणतीही गोळी एका वेळी ५०० मिग्रॅ कॅल्शियमपेक्षा जास्त घेतली तर शोषणाचे प्रमाण घटते. थायरॉइडच्या गोळीपासून तिला चार तास लांब ठेवावे लागते.