अडकलेलं शून्य आणि एकाच वाटेचा नियम: श्नायडरच्या उदाहरणाची पार्श्वभूमी

एखाद्या सर्किटच्या आतली तार कायमची शून्यावर अडकली आहे असं धरायचं आणि ते बाहेरून ओळखता येईल असं इनपुट शोधायचं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बहुतेकांनी हे गणित कधी ना कधी सोडवलेलं असतं. ते सोडवायची आजची रीत मात्र एका फसलेल्या नियमातून घडली आहे, आणि तो नियम फसला तो अवघ्या आठ गेटांच्या सर्किटवर.

सुरुवात १९५९ सालची. तोवर संगणक तपासायचा म्हणजे त्याच्याकडून बेरीज-गुणाकार करून घ्यायचे आणि उत्तरं पडताळायची. आर. डी. एल्ड्रेड यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या लेखात वेगळा विचार मांडला. यंत्र काय काम करतं हे तपासण्याऐवजी त्याचा प्रत्येक भाग शाबूत आहे का ते तपासा, आणि त्यासाठी सर्किटच्या तार्किक समीकरणांवरूनच चाचण्या तयार करा. पुढे ‘स्टक-ॲट’ या नावाने रुळलेल्या कल्पनेचं मूळ इथे आहे. बिघाड कशाने झाला, तार तुटली की जमिनीला चिकटली, यात शिरायचंच नाही. तारेची किंमत कायम शून्य किंवा कायम एक झाली एवढंच धरायचं आणि एका वेळी एकाच तारेचा विचार करायचा. खऱ्या बिघाडांचं हे फार ढोबळ चित्र आहे, पण त्यामुळे बिघाडांची यादी मोजता येण्याजोगी झाली. तारा जितक्या, त्याच्या दुप्पट बिघाड.

आतल्या तारेवर मोजमापाचा पिन लावता येत नाही, म्हणून इनपुटकडून दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, चांगल्या सर्किटमध्ये त्या तारेवर एक यायला हवा. एरवीच शून्य असलेल्या तारेवर अडकलेलं शून्य दिसणार कसं? दुसरी, त्या तारेवरचा फरक आउटपुटपर्यंत पोचायला हवा. वाटेतल्या प्रत्येक गेटचे बाकीचे इनपुट असे ठेवायचे की गेट तो फरक अडवणार नाही. नॉर गेटच्या बाबतीत बाकीचे सगळे इनपुट शून्य हवेत, कारण एकावरही एक आला की गेटचं आउटपुट शून्य होतं आणि मग दुसऱ्या इनपुटवर काहीही बदललं तरी फरक पडत नाही.

१९६६ मध्ये डी. बी. आर्मस्ट्राँग यांनी हा वाट मोकळी करण्याचा विचार पद्धतशीर मांडला. बिघाडाच्या जागेपासून आउटपुटपर्यंत एक वाट निवडायची, तिच्या आजूबाजूचे इनपुट बांधून टाकायचे आणि मागे मागे जात मुख्य इनपुटांच्या किमती ठरवायच्या. एक वाट जमली नाही तर दुसरी घ्यायची. हाच एकाच वाटेचा नियम. हातानेही करता येईल इतकी सरळ रीत आहे ही. कोणत्याही शहाण्या माणसाला पहिल्यांदा हेच सुचेल, म्हणून तिच्यातली उणीव सहज दिसत नाही.

ती उणीव पी. आर. श्नायडर यांनी १९६७ च्या सुरुवातीला आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत एका छोट्या टिपणातून दाखवली. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाने रुळलेलं सर्किट असं आहे. गेटांचे क्रमांक मी सोयीसाठी दिले आहेत.

```
G1 = NOR(x1, x3)
G2 = NOR(x2, x3)
G3 = NOR(x2, x4)
G4 = NOR(G1, x2)
G5 = NOR(G2, x1)
G6 = NOR(G2, x4)
G7 = NOR(G3, x3)
G8 = NOR(G4, G5, G6, G7)
```

चार इनपुट, एक आउटपुट `G8`, आणि बिघाड असा की `G2` चं आउटपुट शून्यावर अडकलं आहे. कागद-पेन्सिल घेऊन सोबत करून पाहावं असं हे गणित आहे.

`G2` वर एक आणायचा तर `x2=0` आणि `x3=0` हवेच. त्यात निवड नाही. इथून फरक दोन वाटांनी पुढे जाऊ शकतो, एक `G5` मधून आणि दुसरी `G6` मधून, आणि दोन्ही वाटा `G8` वर पुन्हा भेटतात.

`G5` ची वाट धरू. ती मोकळी ठेवायला `x1=0` हवा. एकाच वाटेचा नियम म्हणतो की `G8` चे बाकीचे इनपुट शून्यावर बांधलेले असले पाहिजेत, त्यामुळे `G6` सुद्धा बिघाड असो वा नसो शून्यच हवा. `G2` वर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून `x4=1` करूनच `G6` शून्यावर बांधता येतो. पण `x4=1` झाला की `G3` शून्य होतो. `x3` आधीच शून्य आहे, म्हणून `G7` चे दोन्ही इनपुट शून्य आणि त्याचं आउटपुट एक. हा एक `G8` मध्ये गेला की `G8` काहीही झालं तरी शून्यच. वाट बंद. `G6` ची वाट धरली तर आरशातल्यासारखं तेच घडतं: `G5` बांधायला `x1=1` लागतो, त्याने `G1` शून्य होतो, `G4` एक होतो आणि `G8` पुन्हा अडतो.

दोन्ही वाटा संपल्या. एकाच वाटेच्या नियमाने चालणारा प्रोग्राम इथे हा बिघाड ओळखता येत नाही असा शेरा मारून पुढे जाईल. आता `x2=x3=0` ठेवून उरलेल्या चारही शक्यता नुसत्या आकडेमोडीने पाहा:

```
x1 x4 | चांगला G8 | बिघडलेला G8
0  0  |    1      |     0
0  1  |    0      |     0
1  0  |    0      |     0
1  1  |    0      |     0
```

पहिल्याच ओळीत फरक दिसतो. चारही इनपुट शून्य ही चाचणी बिघाड पकडते, आणि सोळा शक्यतांत पकडणारी ती एकटीच आहे. तिथे फरक `G5` आणि `G6` या दोन्ही वाटांनी एकदम जातो. `x1` आणि `x4` दोन्ही शून्य असल्यामुळे `G1` आणि `G3` एक होतात आणि `G4`, `G7` शून्यावर येतात, म्हणजे अडथळा करणारे दोन्ही गेट बाजूला होतात. चांगल्या सर्किटमध्ये `G5`, `G6` दोन्ही शून्य, बिघडलेल्यात दोन्ही एक. एकाच वाटेचा नियम ज्या `G6` ला बांधून ठेवायला निघाला होता, त्याला मोकळं सोडण्यातच उत्तर होतं.

बिघाडाची जागा नेमकी सांगणं किती गरजेचं आहे तेही इथे दिसतं. `G2` पासून निघालेली तार पुढे दोन फाट्यांत वाटली जाते. दोष मूळ तारेऐवजी फक्त `G5` कडे जाणाऱ्या फाट्यावर असेल, तर `G6` ला `G2` ची खरी किंमत, म्हणजे एक, मिळतच राहते आणि तो आपोआप शून्यावर राहतो. चाचणी तीच, चार शून्यांची, पण आता ती एकाच वाटेच्या नियमातही सापडते. चित्रात एकाच रेषेचे वाटणारे हे दोन बिघाड म्हणून यादीत वेगळे धरावे लागतात.

श्नायडरच्या टिपणामागे आयबीएममध्येच चाललेलं जे. पी. रॉथ यांचं काम होतं. रॉथ यांनी १९६६ मध्ये डी-अल्गोरिदम मांडला. चांगल्या सर्किटमध्ये एक आणि बिघडलेल्यात शून्य असलेल्या तारेला `D` म्हणायचं, उलट असेल तर `D'`. एवढ्याशा चिन्हाने दोन सर्किटांची आकडेमोड एकातच करता येते. नॉरमध्ये `D` आणि शून्य गेलं की `D'` बाहेर येतो. आपल्या सर्किटमध्ये `G2` वर `D` आहे, `G5` आणि `G6` वर `D'`, आणि `G8` मध्ये दोन `D'` व दोन शून्यं जाऊन पुन्हा `D` येतो. याउलट एका वाटेने `D` आणि दुसऱ्या वाटेने `D'` आला असता, तर दोन्ही सर्किटांत `G8` च्या एका ना एका इनपुटवर एक असता, आउटपुट दोन्हीकडे शून्य राहिलं असतं आणि फरक तिथेच विरला असता. दोन वाटा पुन्हा भेटतात तेव्हा वाटेतल्या उलटापालटींची संख्या सम की विषम यावर सगळं अवलंबून असतं. नॉरच्या या सर्किटमध्ये दोन्ही वाटांवर भेटण्यापूर्वी एकेकच गेट आहे, म्हणून जुळलं.

रॉथ यांची रीत अनेक वाटांना एकदम पुढे जाऊ देते आणि चाचणी असेल तर ती सापडेलच अशी हमी देते. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत मोलाचं पाऊल ही हमी होती, कारण तिच्यामुळे ‘सापडली नाही’ आणि ‘नाहीच’ हे दोन शेरे वेगळे करता आले. हमीची किंमत वेळात मोजावी लागते. १९७५ मध्ये इबारा आणि साहनी यांनी हा प्रश्न एनपी-कम्प्लीट वर्गातला असल्याचं दाखवलं, त्यामुळे प्रत्येक सर्किटवर झटपट चालणारी रीत सापडण्याची आशा जवळजवळ मावळली.

आयबीएमच्याच प्रभू गोयल यांनी १९८१ मध्ये पोडेम हा चाचणी शोधणारा नवा अल्गोरिदम मांडला तो या वेळेच्या अडचणीतून. चुका दुरुस्त करणाऱ्या, एक्स-ऑर गेटांनी भरलेल्या सर्किटांवर डी-अल्गोरिदम आतल्या तारांच्या किमती ठरवण्यात अडकून पडत असे. गोयल यांनी निवड फक्त मुख्य इनपुटांपुरती ठेवली: एक इनपुट ठरवा, त्याचा परिणाम पुढे पाहा, फरकाला आउटपुटपर्यंत वाट उरली नसेल तर तेच इनपुट उलटं करा. आपल्या सर्किटवर `x2=0`, `x3=0`, `x1=0` ठरल्यावर `G5` वर `D'` येतो आणि `G4` शून्य होतो. पुढे `G6` शून्य करायच्या नादात `x4=1` घेतला की `G7` एक होऊन वाट बंद पडते. मग `x4=0`, आणि `G8` वर लगेच `D`. एक पाऊल मागे येऊन काम झालं.

आता याच सर्किटमध्ये `G3` वगळून `G7` ला फक्त `x3` चा उलटा करा. `x3=0` असेल तेव्हा `G7` एक आणि `G8` शून्य. पण `G2` वर एक आणायला `x3=0` लागतोच, म्हणून चारही शक्यता वाया जातात. इथे ‘चाचणी नाहीच’ हा शेरा खरा आहे आणि त्यातून सर्किटबद्दल काही कळतं: `G8` एक व्हायचा तर `x3=1` हवा, तेव्हा `G2` शून्यच असतो, म्हणजे `G2` काढून `G5` आणि `G6` ला नुसते इन्व्हर्टर केलं तरी सर्किटचं काम बदलत नाही. पण पोडेमसारखा प्रोग्राम मागे येण्याची ठरवून दिलेली मर्यादा संपली म्हणून थांबला असेल, तर त्या शेऱ्यावर गेट काढून टाकता येत नाही. म्हणून चाचणी बनवणाऱ्या प्रोग्रामांच्या अहवालात सोडून दिलेले बिघाड आणि ओळखता न येणारे बिघाड वेगवेगळ्या रकान्यांत मोजतात.