पगार भागिले २०८ : कोटेशनमधला जुना घोळ

"भाऊ, पगाराला २६ दिवस अन् ८ तासांनी भागलं की तासाचा दर निघते. वरून पीएफ-बोनसचे एकवीसेक टक्के टाकले की झालं ना?"

नाही होत. जिनिंगच्या दुरुस्तीचं काम घेणारं यवतमाळकडचं एक वर्कशॉप धरा. फिटरचा पगार १३,००० रुपये. २०८ तासांनी भागलं की दर येतो ६२.५०, आणि एकवीस टक्के चढवले की साधारण ७५.६०.

आता वर्षाचा हिशेब मांडा. पगार १,५६,०००. मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासन शुल्कासह १३ टक्के, म्हणजे २०,२८०. पूर्ण पगारावर किमान बोनस ८.३३ टक्के धरला तर १२,९९५. एकूण १,८९,२७५.

खरी चूक भागाकारात आहे. ३६५ मधून ५२ रविवार गेले. १५ भरपगारी रजा आणि पोळा, दिवाळी धरून ८ सुट्ट्याही गेल्या. उरले २९० दिवस, म्हणजे २,३२० तास. पोळ्याच्या दिवशी फिटर घरी बैल सजवतो, पगार मात्र चालूच असतो. तो पैसा या २,३२० तासांतूनच निघायला हवा. म्हणून खरा दर ८१.५८.

१२० तासांच्या कामात ६२.५० धरले तर २,२९० रुपये खिशातून जातात, टक्के चढवूनही सातशेच्या वर. पावसात वीज गेली, माल आला नाही, तर तास आणखी घटतात. हजेरीबुकातून गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष कामाचे तास मोजा आणि त्यांनीच भागा. नफा, वेल्डिंग रॉड, वीजबिल यात नाही. ते वेगळं लावायचं.