जिनिंगचं खरेदी सॉफ्टवेअर: मागण्या कागदावर कशा उतरवायच्या
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काम हाती घेण्याआधी आम्ही एसआरएस तयार करून त्यावर तुमची सही घेतो. सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं, याचा हा लेखी तपशील. त्यातली प्रत्येक मागणी अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही, हे तुमचा दिवाणजी काट्यावर बसून स्वतः तपासू शकेल. कापूस खरेदीतली एकच मागणी घेऊन ते कसं जमवायचं, हे खाली दाखवलं आहे.

ही मागणी बहुधा अशी लिहून येते: ‘ओलावा जास्त असल्यास वजनातून कट्टी कापावी.’ वर्षानुवर्षं खरेदी करणाऱ्याला यात काहीच अडत नाही, कारण उरलेलं त्याच्या डोक्यात असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र ‘जास्त’ म्हणजे किती आणि ‘वजन’ म्हणजे कोणतं, हे दोन्ही अंदाजाने भरावं लागतं.

आधी शब्द पक्के करा

जिनिंगमध्ये ‘वजन’ हा एकच शब्द चार गोष्टींसाठी वापरला जातो. समजा, कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन ५,८४० किलो आलं. हे भरलेलं वजन. माल उतरवल्यावर ३,५२० किलो आलं, ते रिकामं वजन. दोहोंतला फरक २,३२० किलो, हे निव्वळ वजन. त्यातून कट्टी वजा केली की जे उरतं, ते चुकारा वजन.

शेवटच्या दोन शब्दांत गल्लत झाली तर हंगामभर त्रास होतो. शेतकऱ्याला पैसे चुकारा वजनावर मिळतात, पण आवारात कापूस निव्वळ वजनाइतका पडलेला असतो. साठा-नोंदीत चुकारा वजन गेलं तर रुई-सरकीचा उतारा दरवेळी थोडा जास्त दिसतो आणि तफावत कुठून आली ते सापडत नाही. म्हणून एसआरएसच्या सुरुवातीला शब्दांची यादी द्या आणि पुढे नुसतं ‘वजन’ कुठेही लिहू नका.

‘ओलावा’ या शब्दाचंही तसंच. मीटरचं एकच वाचन, की तीन ठिकाणच्या वाचनांची सरासरी? आपण सरासरी धरू, एका दशांश स्थळापर्यंत.

मग एका क्रमांकाला एकच मागणी

ख-१४: ओलावा ८.० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास कट्टी शून्य राहील.

ख-१५: ओलावा ८.० टक्क्यांहून जास्त आणि १२.० टक्क्यांपर्यंत (१२.० धरून) असल्यास कट्टी = निव्वळ वजन × (ओलावा − ८.०) ÷ १००. उत्तर जवळच्या पूर्ण किलोत. बरोबर अर्धा किलो आल्यास वरचा किलो.

ख-१६: ओलावा १२.० टक्क्यांहून जास्त असल्यास चुकारा पावती तयार होणार नाही.

सीसीआय हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेत नाही, म्हणून इथे ते आकडे घेतले. तुमच्या खासगी खरेदीची रीत वेगळी असेल तर तुमचेच आकडे लिहा.

दशांशाबद्दल इतकं का लिहायचं, ते पाहा. वरच्या ट्रॉलीचा ओलावा १०.४ आला, म्हणजे मर्यादेपेक्षा २.४ टक्के जास्त. ख-१५ प्रमाणे कट्टी ५६ किलो. दशांश सोडून २ टक्के धरले तर ४६ किलो, आणि वर नेऊन ३ धरले तर ७० किलो. ७,००० रुपये क्विंटल भाव धरला तर शेवटच्या दोन उत्तरांत एका ट्रॉलीमागे १,६८० रुपयांचा फरक पडतो. भांडण काट्यावर होतं, आणि त्या वेळी आम्ही तिथे नसतो.

तपासणी सीमेवरच्या आकड्यांनी करा, कारण चूक बहुतेक तिथेच लपते. निव्वळ वजन २,३२० ठेवून ओलावा ८.० टाका: कट्टी शून्य. ८.१ ला २ किलो, १२.० ला ९३ किलो, आणि १२.१ ला पावतीच निघायला नको. नुसतं १० टाकून पाहिलं तर ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा जास्त’ यांतली चूक उघडी पडत नाही.

‘पावती लवकर निघावी’ हेही असंच मोजता यायला हवं: रिकामं वजन सेव्ह केल्यापासून ५ सेकंदांत, नेट बंद असतानाही. तपासायचं तर नेटची वायर काढून पाहायची.

दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या मागणीला देऊ नका. ख-१५ नको असेल तर तिथे ‘रद्द’ आणि तारीख लिहा. नवी मागणी यादीतल्या पुढच्या मोकळ्या क्रमांकावर. नाहीतर जुन्या तपासणीच्या कागदावरचा ख-१५ आणि नवा ख-१५ वेगवेगळे होतात. फोनवर सांगितलेला बदलही क्रमांक मिळाल्यावरच कामात धरला जातो.

कच्च्या मसुद्यासोबत मागच्या हंगामातल्या दहाएक पावत्या पाठवा. त्यांत ८ आणि १२ टक्क्यांच्या अगदी जवळच्या असतील तर उत्तम. दिवाणजीचा हिशेब आणि लिहिलेलं सूत्र किलोला किलो जुळतं का, हे आम्ही सही घेण्याआधी ताडून पाहतो.